मद्द नेमका किती ओढायचा? चार अलिफ की चार हरकत?

नसीम_चिपळूण

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मुलाचा नूरानी कायदा संपला, आता तो अम्मा पारा वाचतोय. मकतबमधून आला की उजळणीला मीही त्याच्याबरोबर बसते. माझा नाज़रा लहानपणीच झाला, पण तजवीद, म्हणजे कुरआन उच्चारायचे नियम, आम्हाला कुणी शिकवलीच नाही. उस्ताद पुढे वाचायचे, आम्ही मागे म्हणायचो, झालं.

आता मद्दवर, म्हणजे स्वर लांबवण्यावर, अडलेय. मुलाचे उस्ताद म्हणतात, मोठा मद्द चार अलिफ ओढायचा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्याच मद्दला चार हरकती लिहिल्यात. नणंद सांगते की एक अलिफ म्हणजे दोन हरकती. मग उस्तादांचे चार अलिफ म्हणजे आठ हरकती झाल्या ना? सूरह नस्रमध्ये ‘इज़ा जाअ’ मधला ‘जा’ मी किती ओढू, एवढं कुणी नीट सांगेल का?

आणि अजून एक. त्याच सूरतमध्ये ‘अफ्वाजा’वर थांबताना मी आवाज लांबवते, तर मुलगा म्हणतो, “अम्मी, तिथे एवढं नसतं.” का नसतं ते त्याला सांगता येत नाही, मलाही कळत नाही.

तानपुरा

मी पुण्यात शास्त्रीय संगीत शिकतो, कुरआनचा अभ्यास नाही. पण किरअत आवडीनं ऐकतो. माझी समजूत अशी होती की स्वर किती लांबवायचा हे वाचणारा ठरवतो, आपल्याकडे आलापात चालतं तसं. तुम्ही तर मोजमाप विचारताय! हे कुठल्या तालात बसवलेलं असतं का?

मुदर्रिस_रत्नागिरी

तानपुराभाऊ, ताल नाही, आणि मर्जीही नाही. सूर वाचणाऱ्याचा, लांबी नियमाची. इजिप्तचे कारी आणि आपल्या कोकणातला मकतबचा मुलगा यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण ‘जाअ’मधला ‘जा’ दोघांनाही ओढावाच लागतो.

नसीमआपा, आधी हरकत काय ते बघू, अलिफचा घोळ नंतर सोडवू. ज़बर, ज़ेर किंवा पेश, म्हणजे अ, इ किंवा उ ची खूण असलेलं एक अक्षर म्हणायला जेवढा वेळ लागतो, ती एक हरकत. ‘ब’ म्हणा. झाली एक. ‘बा’ म्हणा. झाल्या दोन. जुने उस्ताद हे बोटांवर मोजायला लावतात: फार घाई नाही, फार सावकाश नाही, अशा चालीनं एक बोट मिटायचं किंवा उघडायचं. एक बोट, एक हरकत.

घड्याळाचा सेकंद यात कुठेच नाही. तुम्ही सावकाश वाचत असाल तर तुमची हरकत मोठी, रमज़ानच्या तरावीह नमाज़मध्ये हाफिज़ भरभर वाचतात तेव्हा त्यांची लहान. प्रमाण मात्र बदलत नाही. दोनाचा मद्द ज्या चालीत वाचला, चाराचा त्याच चालीत त्याच्या दुप्पट आणि सहाचा तिप्पट झाला पाहिजे.

तानपुरा

म्हणजे आपल्याकडे व्याकरणात ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन आणि प्लुताला तीन धरतात, तसंच काहीसं. लय बदलली तरी प्रमाण तेच. आता कळलं. पण मग चार आणि सहापर्यंत जायची गरज कुठे पडते?

मुदर्रिस_रत्नागिरी

मात्रेशी मेळ बऱ्यापैकी बसतो. आणि तुम्ही विचारलंत तेच नवशिक्यानं आधी विचारायला हवं. लोक मद्दची नावं पाठ करत बसतात आणि वाचताना गोंधळतात. मी मुलांना सांगतो, नाव राहू दे, मद्दच्या अक्षरापुढे काय आलंय ते बघ.

मद्दची अक्षरं तीनच: ज़बरनंतरचा अलिफ, पेशनंतरचा साकिन, म्हणजे स्वराची खूण नसलेला, वाव आणि ज़ेरनंतरची साकिन या. मराठीत सांगायचं तर आ, ऊ, ई. त्यांची मूळ लांबी दोन हरकती. दोनापुढे न्यायला कारण लागतं, आणि कारणंही दोनच आहेत. एक तर मद्दच्या अक्षरापुढे हम्ज़ा येतो, नाहीतर सुकून, म्हणजे साकिन अक्षर, येतो. दोन्ही नसतील तर दोनावर थांबायचं, मग तिथे आवाज कितीही चांगला लागलेला असो.

हम्ज़ा घशाच्या तळातून येतो, झटका देऊन. त्याच्या आधीचा आ किंवा ई मऊ असतो. घाईत तो हम्ज़ा गिळला जातो, किंवा मऊ स्वरच तुटतो. म्हणून आधीचा स्वर लांबवून हम्ज़ाला जागा करून द्यायची. सुकूनच्या आधीही तेच. मद्दचं अक्षर स्वतः साकिन, त्याच्यापुढे दुसरं साकिन आलं की जीभ अडकते. लांबवलं की सुटते.

आता तुमची सूरह नस्र घेऊ. ‘इज़ा’चा आ: पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर जीम, ना हम्ज़ा ना सुकून. म्हणून दोन. ‘जाअ’चा आ: लगेच पुढे हम्ज़ा, तोही त्याच शब्दात. हा मुत्तसिल. आपल्याकडे कुरआन वाचायची जी हफ्स रिवायत चालते, तिच्यात याला चार किंवा पाच हरकती. दोन्ही बरोबर, पण सुरुवातीला चार धरली तर त्या बैठकीत शेवटपर्यंत चारच ठेवायची. ‘नस्रुल्लाहि’मधला आ दोन. ‘वल्फत्ह’वर थांबताना मद्दचं अक्षरच नाही, तर ओढायचं काय? तिथे सरळ थांबायचं.

पुढची आयत. ‘रअय्तन्नास’मध्ये ‘ना’ दोन. ‘यद्ख़ुलून’मधला ऊ दोन, ‘फी’ दोन, ‘दीनि’ची ई दोन, ‘ल्लाहि’चा आ दोन. आता ‘ल्लाहि अफ्वाजा’ नीट बघा. पुढे हम्ज़ा आलाय म्हणून बरेच जण ‘ल्लाहीऽऽ’ असं ओढतात. पण ‘हि’ला नुसती ज़ेर आहे, मद्दची या नाहीच. हम्ज़ा असूनही ओढायला अक्षर नाही, म्हणून ती ज़ेर एका हरकतीचीच.

नसीम_चिपळूण

भाई, हे ‘ल्लाहीऽऽ’ मी रोज करते! बरं झालं कळलं. आणि ‘अफ्वाजा’?

मुदर्रिस_रत्नागिरी

‘अफ्वाजा’ला मुलगा बरोबर आहे.

‘रब्बिल आलमीन’वर थांबता तेव्हा शेवटचा नून साकिन होतो, आणि त्याच्या आधी ई आहे. मद्दच्या पुढे सुकून आला, म्हणजे कारण मिळालं. म्हणून ‘आलमीन’ची ई दोन, चार किंवा सहा, तिन्ही चालतात. न थांबता पुढे वाचत गेलात तर नूनला ज़बर लागते, सुकून जातो आणि ई पुन्हा दोनावर येते.

‘अफ्वाजा’ लिहिलेलं असतं दोन ज़बरांनी, ‘अफ्वाजन’. थांबताना ती तनवीन जाते आणि तिच्या जागी अलिफ येतो. आता या अलिफच्या पुढे काय उरलं? काहीच नाही. ना अक्षर, ना सुकून. कारणच नाही, म्हणून दोन. पुढच्या आयतच्या ‘तव्वाबा’ला तोच नियम. सूरह नस्र वाचताना सगळ्यात जास्त चुका याच दोन ठिकाणी ऐकू येतात, कारण आधीच्या सूरतमध्ये ‘काफिरून’ लांबवून आलेला कान इथेही तेच मागतो.

दोहाकर

मुदर्रिसभाई छान समजावलंत. एक भर घालतो. नवशिक्यांनी चार-पाचच्या फंदात पडूच नये असं माझं मत. इथे कतारमध्ये तरावीहला मी कित्येक इमामांच्या मागे उभा राहिलो, भरभर वाचताना ते सगळे मद्द दोनच ओढतात. म्हणजे दोन चालतं. मग डोक्याला ताप कशाला?

आणि माझ्याकडच्या मदीना छापाच्या मुसहफमध्ये, म्हणजे कुरआनच्या प्रतीत, मोठा मद्द, छोटा मद्द असा फरकच नाही, सगळीकडे मद्दची खूण म्हणून एकच लाट काढलेली आहे.

मुदर्रिस_रत्नागिरी

दोहाकरभाई, तुम्ही ऐकलं ते खरं आहे, पण ‘सगळे’ नाही. तुम्ही दोन ऐकला तो मुन्फसिल असणार, म्हणजे मद्दचं अक्षर एका शब्दाच्या शेवटी आणि हम्ज़ा पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला. ‘इन्ना अअ्तैनाक’ घ्या, किंवा ‘ला अअ्बुदु’. हफ्सच्या काही मार्गांनी हा दोन हरकती वाचलेला आहे, आणि वेगानं वाचणारे इमाम तो मार्ग घेतात. आपण शिकतो तो इमाम शातिबींचा मार्ग (त्यांचा इंतकाल 1194 चा), त्यात मुन्फसिलही चार किंवा पाच. दुसरा मार्ग घ्यायचा तर त्याच्या बाकीच्या अटीही पाळाव्या लागतात. मधूनच दोन, मधूनच चार असं जमत नाही.

मुत्तसिलची गोष्ट वेगळी. तो दोनावर आणायला कुठलीच किरअत परवानगी देत नाही. इमाम इब्नुल जज़री, ज्यांचा इंतकाल 1429 मध्ये झाला, त्यांनी लिहून ठेवलंय की मी शोधलं, पण मुत्तसिल आखूड केलेला मला कुठेच सापडला नाही, ना सहीह किरअतीत ना शाज़, म्हणजे अपवादात्मक, किरअतीत. हज़रत इब्ने मसऊद यांची रिवायतही याच मद्दबद्दल आहे. एक जण त्यांच्यासमोर ‘इन्नमस्सदकातु लिल्फुकराइ’ वाचत होता. त्यानं ‘फुकरा’ न ओढता वाचलं, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं आणि सांगितलं की रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मला असं शिकवलेलं नाही. मग स्वतः ओढून वाचून दाखवलं.

छापाचंही सांगतो. मदीना मुसहफमध्ये एकच लाट आहे हे बरोबर. आपल्याकडच्या हिंदुस्तानी छापात जाड लाट आणि बारीक लाट अशा दोन असतात. जाड मुत्तसिल आणि लाज़िमवर, म्हणजे कायमच्या सुकूनआधीच्या मद्दवर, बारीक मुन्फसिलवर. आरिज़वर, म्हणजे ‘आलमीन’सारख्या थांब्यावर, कुठल्याच छापात लाट नसते, कारण तुम्ही थांबणार की नाही हे छापणाऱ्याला कसं कळणार?

दोहाकर

मुत्तसिलचं मान्य. पण आमच्या इमामांचा ‘जाअ’सुद्धा मला आखूडच वाटतो. पुढच्या रमज़ानमध्ये कान देऊन ऐकेन.

इरफान_पनवेल

भरभर वाचताना हरकतच एवढी लहान होते की चार हरकतीही आपल्या कानाला दोनच वाटतात. माझंही असंच व्हायचं. मग मी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून आवाज कापायच्या ॲपमध्ये उघडला. सूरह फातिहाची शेवटची आयत घेतली. ‘सिरात’चा आ अर्धा सेकंदही नव्हता. ‘द्दाल्लीन’चा आ त्याच्या तिप्पट हवा होता, तर माझा जेमतेम दुप्पट निघाला. एरवी मला वाटायचं, मी भरपूर ओढतोय. कानावर भरवसा ठेवण्यापेक्षा असं एकदा बघा.

नसीम_चिपळूण

इरफान, ती आयत जरा पूर्ण सोडवून दाखवशील का? नमाज़मध्ये रोज वाचतो, तीच पक्की करते.

इरफान_पनवेल

करतो आपा, चुकलो तर मुदर्रिससाहेब दुरुस्त करतील.

‘सिरातल्लज़ीन अन्अम्त अलैहिम, ग़ैरिल मग़्दूबि अलैहिम वलद्दाल्लीन.’

‘सिरात’चा आ दोन. ‘लज़ीन’ची ई दोन. ‘अलैहिम’मध्ये ऐ आहे, म्हणजे ज़बरनंतर साकिन या. हा लीन. न थांबता वाचताना तो ओढायचा नाही, ‘अलैऽऽहिम’ करू नका. ‘ग़ैरि’चंही तेच. ‘मग़्दूबि’चा ऊ दोन.

आता ‘वलद्दाल्लीन’. लिहिलेलं आहे ‘व ला’, त्याला अलिफ आहे. पण तो अलिफ वाचला जात नाही, कारण लगेच पुढे साकिन अक्षर आहे, आणि दोन शब्दांमध्ये असं झालं की अलिफ गळतो. म्हणून ‘वलद्द’, ‘वलाऽद्द’ नाही. त्यानंतर ‘दा’चा आ, पुढे तश्दीदवाला, म्हणजे दुहेरी, लाम. तश्दीदमधला पहिला लाम साकिन असतो, आणि तो थांबला-न थांबला तरी तिथेच राहणार, कायमचा. म्हणून हा लाज़िम, पूर्ण सहा. शेवटची ‘लीन’ची ई थांबताना दोन, चार किंवा सहा.

सगळ्या फातिहात लाटेची खूण याच एका ‘दा’वर आहे.

मुदर्रिस_रत्नागिरी

बरोबर आहे. ‘इह्दिनस्सिरात’लाही तेच, ‘ना’चा अलिफ गळतो. एकच पुस्ती जोडतो. ‘आलमीन’ला दोन घेतलंत तर ‘दीन’, ‘नस्तईन’ आणि ‘दाल्लीन’लाही दोनच घ्या. एका बैठकीत मधेच कमी-जास्त करू नये.

सहा ओढताना दोन गोष्टी सांभाळा. आवाज थरथरवू नका, आणि नाकात नेऊ नका. ‘आलमीन’, ‘नस्तईन’मध्ये शेवटी नून असल्यामुळे आधीची ईसुद्धा बऱ्याच जणांच्या नाकातून येते. तपासायचं असेल तर ई ओढताना चिमटीत नाक धरा. आवाज बदलला तर ई नाकातून येत होती. बदलला नाही तर ठीक. नूनवर आलात की मग नाक लागणारच.

शबाना_मुंब्रा

माझ्या अम्मींना दम्याचा त्रास आहे. सहा हरकती ओढायला गेल्या की खोकला येतो आणि मग त्या नाराज होऊन वाचायचंच बंद करतात. त्यांनी सगळे मद्द दोनच वाचले तर गुनाह होईल का?

मुदर्रिस_रत्नागिरी

शबानाबेटी, गुनाहचं मी बोलणार नाही, ते तुमच्या आलिमांना विचारा. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत असते एवढं तर सगळ्यांना माहीत आहे. वाचण्यापुरतं सांगतो. आरिज़ला दोन घ्या, ते पूर्ण बरोबर आहे, कमीपणा नाही. मुत्तसिल आणि मुन्फसिलला पाच नको, चार घ्या. आणि एकंदर चाल थोडी जलद करा. हरकत लहान झाली की सहाचा लाज़िमही कमी श्वासात बसतो. सावकाश वाचणाऱ्याचे चार जेवढा श्वास खातात, तेवढ्यात तुमच्या अम्मींचे सहा होतील.

मध्येच श्वास संपला तर शब्द पूर्ण करून थांबायचं, आणि मागून एक-दोन शब्द घेऊन पुन्हा सुरू करायचं. मद्दच्या मध्यात तोडायचं नाही.

शबाना_मुंब्रा

जज़ाकल्लाह. चाल वाढवायची हे सुचलंच नव्हतं. त्या उलट अजून सावकाश वाचत होत्या.

मोहसिन_श्रीवर्धन

अलिफ-हरकतीचा प्रश्न राहिलाच की. आमच्या उस्तादांनी शिकवलं की एक अलिफ म्हणजे दोन हरकती. मुत्तसिल दोन अलिफ किंवा अडीच अलिफ, लाज़िम तीन अलिफ. हिशोब चोख बसतो: चार, पाच, सहा. मग ‘चार अलिफ’ म्हणणारे उस्ताद चुकीचं शिकवतायत, असं सरळ का म्हणू नये?

मुदर्रिस_रत्नागिरी

मोहसिनभाई, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण चुकीचं म्हणायची घाई नको. आपल्याकडे काही उस्ताद मोठा मद्द तीन किंवा चार अलिफ सांगतात आणि एका बोटाला एक अलिफ मोजतात. अरबी पद्धतीत त्याच एका बोटाला एक हरकत म्हणतात. बोटं तेवढीच मिटतात, वाचलेलं जवळपास तेवढंच ऐकू येतं. माझा अंदाज आहे की नसीमआपांच्या मुलाचे उस्ताद असंच मोजत असतील.

मोहसिन_श्रीवर्धन

मग त्यांच्या मोजणीत साधा ‘बा’ किती अलिफ होतो? एकच ना? आणि एका बोटात ‘बा’ होत असेल तर त्यांचं बोट आपल्या दोन हरकतींएवढं सावकाश मिटतंय. म्हणजे चार अलिफ खरंच आठ हरकती. तुमचं उत्तर मला पटत नाही.

मुदर्रिस_रत्नागिरी

मुद्दा योग्य आहे. साध्या मद्दला एक अलिफ आणि मुत्तसिलला चार अलिफ एकाच बोटानं मोजले तर प्रमाण चौपट होतं, आणि शातिबींच्या मार्गात ते दुप्पट ते अडीचपट आहे. हे कागदावर जुळत नाही हे मलाही मान्य. मी एवढंच म्हणतो की उस्ताद प्रत्यक्षात काय वाचतात ते ऐका. नसीमआपा, मुलाला सांगा, उस्तादांना ‘इज़ा जाअ’ वाचायला लावून रेकॉर्ड करून आण. त्यांच्या ‘इज़ा’चा आ आणि ‘जाअ’चा आ ताडून बघा. दुप्पट किंवा थोडा जास्त निघाला तर फरक नुसता शब्दांचा आहे.

ऐकायला कारी महमूद खलील हुसरी घ्या, इजिप्तचे. 1961 मध्ये त्यांनी पूर्ण कुरआन मुरत्तल पद्धतीनं रेकॉर्ड केला. त्यांची मुलांना शिकवायची रेकॉर्डिंगही मिळते, ते एक तुकडा वाचतात आणि थांबतात, मग आपण म्हणायचं. बोटं मोजत ऐकलं की प्रमाण कानात बसतं. इथे मराठी अक्षरात लिहिलंय ते फक्त खूण म्हणून, त्यावरून वाचू नका. हम्ज़ा आणि ऐन मराठीत दोघंही ‘अ’ होतात, आणि मद्द तर हम्ज़ावरच टिकलेला आहे.

तानपुरा

एक शेवटचं विचारू? ओढायला विसरलं तर काय बिघडतं? सुंदर वाटणार नाही एवढंच, की आणखी काही?

मुदर्रिस_रत्नागिरी

चारचे पाच झाले किंवा पाचाचे साडेचार, तर फार बिघडत नाही. पण मूळचे दोन खाल्ले तर अर्थच फिरतो. सूरह काफिरून घ्या: ‘ला अअ्बुदु मा तअ्बुदून’, तुम्ही ज्याची इबादत करता त्याची मी करत नाही. यातला ‘ला’ ओढला नाही, नुसता ‘ल’ म्हटला, तर ‘लअअ्बुदु’ होतं, म्हणजे मी नक्कीच इबादत करतो. सगळी सूरत ज्याचा इन्कार करते, नेमकं तेच तोंडून निघतं. म्हणून ‘ला’चा अलिफ आधी, आणि पुढे हम्ज़ा आहे म्हणून चार त्याच्यावर.

त्याच सूरतमध्ये ‘व ला अन आबिदुन’ येतं. तिथे ‘अन’च्या शेवटी अलिफ लिहिलेला दिसतो, पण पुढे मिळवून वाचताना तो वाचत नाहीत. मुलं ‘ला’चा चार ओढतात आणि त्याच झोकात ‘अना’ही ओढतात. ‘ला’ चार, ‘अन’ला एक एक हरकत. नसीमआपा, नस्रनंतर मुलाकडून हीच सूरत करून घ्या.

नसीम_चिपळूण

नक्की करते. उस्तादांचं रेकॉर्डिंग जुम्म्यानंतर मिळेल, ते म्हणाले आणून देतो. मिळालं की इरफानला पाठवते, त्यानं मोजून इथे लिहावं. मोहसिनभाई, मग तुमचं चौपट की मुदर्रिससाहेबांचं दुप्पट ते बघू.

आणि अजून एक अडलंय. ‘अलिफ लाम मीम’मध्ये मुलगा ‘अलिफ’सुद्धा ओढतो.

इरफान_पनवेल

‘अलिफ’मध्ये मद्दचं अक्षरच नाही आपा, अ-लि-फ, तिन्ही आखूड. ‘लाम’चा आ सहा, ‘मीम’ची ई सहा. पाठवा रेकॉर्डिंग, शनिवारी बसतो.

मोहसिन_श्रीवर्धन

मीही आमच्या उस्तादांचं ‘जाअ’ रेकॉर्ड करून आणतो. दोन्ही शेजारी ठेवून बघू.